आभाराच्या मजकुरातून सुटलेलं नाव

मंगळवारी, ३ ऑक्टोबर २०२३ ला, रात्री साडेनऊला मी आभाराचा मजकूर लिहायला बसले. आमच्या नागरी सहकारी बँकेच्या अकराही शाखा त्या दिवशी नव्या संगणक प्रणालीवर उघडल्या होत्या आणि संध्याकाळी अकराही शाखांचा डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, झालं होतं. पाच महिने मी या मायग्रेशनची समन्वयक होते. सव्वीस जणांची टीम होती. आमचे एकोणीस कर्मचारी आणि सॉफ्टवेअर कंपनीची सात मुलं. मजकूर बुधवारी सकाळी सगळ्यांना पोचायला हवा होता. त्यात एक माणूस माझ्याकडून सुटला, आणि तो विसरून सुटला नव्हता. मी विचार करून त्याला सोडलं होतं. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी तो शनिवार सांगायला हवा. कटओव्हरसाठी, म्हणजे जुनी प्रणाली सोडून नवीवर जाण्यासाठी, ३० सप्टेंबर आम्ही एप्रिलमध्येच ठरवला होता. सहामाही अखेर असल्यामुळे बचत खात्यांचं व्याज त्याच दिवशी जुन्या प्रणालीत जमा होणार होतं. बचतीचं व्याज रोजच्या शिलकेवर काढावं लागतं. मध्येच प्रणाली बदलली तर मागच्या प्रत्येक दिवसाची शिल्लक नव्या प्रणालीला द्यावी लागते. सहामाहीला व्याज जमा करून टाकलं की नवी पाटी कोरी मिळते. त्यात १ तारखेला रविवार, २ ला गांधी जयंती. सहामाहीला लागून सलग दोन दिवस बँक बंद असणं आम्हाला फार क्वचित मिळतं.

मग १९ मे रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा चलनातून काढायचं जाहीर केलं आणि नोटा बदलायची शेवटची तारीख दिली ३० सप्टेंबर. तारीख बदलावी का यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. पुढची सोयीची सहामाही थेट मार्चअखेर, आणि मार्चअखेरला प्रणाली बदलायचं धाडस सहसा कुठली बँक करत नाही. तेव्हा तीच तारीख कायम ठेवली. गुरुवारी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाला जागलेली माणसं शनिवारी काउंटरवर बसली आणि समोर नोटांची रांग. मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढल्याची बातमी त्याच दिवशी आली, पण तोवर आमची गर्दी होऊन गेली होती. साडेसहाला व्हायचा शेवटचा डे-एंड रात्री दहा चाळीसला झाला. म्हणजे कामाला हात लागायच्या आधीच आम्ही चार तास मागे होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मायग्रेशन म्हणजे एका संगणकातली माहिती दुसऱ्यात ओतणं. ओतणं दोन-तीन तासांत होतं. बाकी सगळा वेळ जातो तो जे ओतलं ते तेच आहे ना, हे पाहण्यात. प्रत्येक जीएल हेडची, म्हणजे मुख्य खतावणीतल्या प्रत्येक शीर्षाची, जुनी शिल्लक, त्याखालच्या खात्यांची बेरीज आणि नव्या प्रणालीतली बेरीज या तिन्ही पैशापर्यंत जुळल्या पाहिजेत. नावांचं वेगळंच. जुन्या प्रणालीत मराठी नावं जुन्या फाँटमध्ये साठवलेली होती. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये आणताना विनायकचा ‘िवनायक’ आणि कर्वेंचं ‘कवेर्’ होत होतं. ते दुरुस्त करायला कंपनीच्या मुलांनी प्रोग्रॅम लिहिला. त्यातून उरलेली काही हजार नावं आमच्या दोन कारकुनांनी डोळ्यांनी वाचली. आपल्या पासबुकावर आपलं नाव मोडकं छापलेलं पाहून खातेदाराला काय वाटतं, हे काउंटरवर बसलेल्यालाच कळतं. म्हणून मी ते काम बाहेर द्यायला नकार दिला होता.

तर मंगळवारी रात्री मी पहिला मसुदा लिहिला. ‘या महत्त्वाकांक्षी प्रकल्पात अहोरात्र परिश्रम घेणाऱ्या सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार.’ वाचून पाहिला. यातलं एकही वाक्य असं नव्हतं जे वसुली मोहिमेला किंवा वार्षिक सभेला चाललं नसतं. आमच्या सूचना फलकावर असली पत्रकं वर्षानुवर्षं लागतात आणि कुणी थांबून वाचत नाही. ‘अहोरात्र’ तर मला सलत होता. चाळीस-चाळीस तास माणसं घरी गेली नाहीत ही काही मिरवायची गोष्ट नाही. ते नियोजनातलं आमचं अपयश होतं. त्याचं कौतुक केलं तर पुढच्या वेळीही तेच अपेक्षित धरलं जाणार. तो शब्द काढला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना फोन करून विचारलं की शनिवार ते सोमवार जे थांबले त्यांना दोन दिवसांची बदली रजा देता येईल का. ते म्हणाले, ‘‘द्या, पण दिवाळीच्या आधी घ्यायला सांगा, नंतर साठवून ठेवतात.’’ आभाराच्या मजकुरात रजेचा आकडा आला तेव्हा कुठे मला लिहायचा हुरूप आला.

दुसरा मसुदा लिहायला मी अडचणींची वही घेतली. प्रत्येक अडचण, कुणी सांगितली, कधी सुटली, कुणी सोडवली, असे रकाने. एकशे सदतीस नोंदी होत्या. त्यावरून आभार मानणं सोपं जाईल असं वाटलं. पण वही चाळता चाळता लक्षात आलं की ‘कुणी सोडवली’ या रकान्यात तीच सहा-सात नावं पुन्हा पुन्हा येताहेत. ती बोलकी माणसं होती. काम झालं की ग्रुपवर लगेच टाकणारी. ज्यांनी अडचण येऊच दिली नाही त्यांची नोंद कशी होणार? मग रात्री अकराला मी टीममधल्या बारा-तेरा जणांना एकच प्रश्न पाठवला: ‘या तीन दिवसांत कुणामुळे तुझं काम अडलं नाही?’ झोपले असतील असं वाटलं होतं, पण अर्ध्या तासात नऊ जणांची उत्तरं आली. कुणालाच झोप लागत नव्हती बहुतेक.

त्या उत्तरांत वहीत नसलेली तीन नावं आली. पहिलं आमच्या मुख्य कार्यालयातल्या शिपायाचं. रविवारी दुपारी वीज गेली तेव्हा जनरेटर चालू झाला, एवढंच मला माहीत होतं. पण डिझेल शनिवारीच पंपावरून आणून ठेवलेलं होतं, कारण ‘सुट्टीत पंपावर कॅनमधे देत नाहीत, मागे एकदा अडलो होतो’ असं त्याने कुणाला तरी सांगितलं होतं. दुसरं, पिग्मी बघणाऱ्या बाईंचं. पिग्मी एजंटांच्या हातातल्या यंत्रात जुने खाते क्रमांक होते. नव्या प्रणालीत सगळे क्रमांक बदलले. बाईंनी शनिवारी संध्याकाळी बत्तीस एजंटांची यंत्रं स्वतः गोळा केली, शिल्लक उतरवून घेतली आणि मंगळवारी सकाळी सातला नवे क्रमांक भरून परत दिली. रविवार-सोमवारी कुणी जुन्या यंत्रावर वसुली करू नये, एवढ्यासाठी. एकाने जरी केली असती तरी ती रक्कम दोन्ही प्रणालींत नसती. एजंट नाराज झाले. दोन दिवसांचं कमिशन बुडालं त्यांचं. ते सगळं बोलणं बाईंनी ऐकून घेतलं आणि आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही.

तिसरं नाव काकांचं. काका म्हणजे आमचे मुख्य लेखापाल, मार्चमध्ये निवृत्त होणारे. त्यांचं काम मी स्वतः पाहिलं होतं, तरी वहीत त्यांच्या नावापुढे एकही नोंद नव्हती, कारण ते वहीत लिहितच नाहीत. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला एका शाखेचा एक हेड जुळेना. न वाटलेला लाभांश. सभासदांनी न नेलेल्या लाभांशाची यादी त्या शाखेत रजिस्टरवर होती, ती हाताने टाइप केलेली. यादीची बेरीज जीएलपेक्षा ३६० रुपयांनी कमी. कंपनीच्या प्रमुख मुलाचं म्हणणं, ३६० रुपयेच आहेत, ‘मायग्रेशन डिफरन्स’ नावाच्या हेडला टाकू आणि पुढे जाऊ, सावकाश शोधू. सावकाश शोधायचं म्हणून ठेवलेले फरक ऑडिटर वर्षानुवर्षं दाखवत राहतात, हे त्या मुलाला माहीत नव्हतं आणि त्याचा तसा दोषही नाही.

काकांनी खुर्ची ओढली. आधी ३६० ची एखादी नोंदच राहिली आहे का पाहिलं. नव्हती. मग १८० पाहिले, कारण एखादी रक्कम उलट बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट येतो. तेही नाही. मग कागदावर ३६० ला नवाने भागलं. निःशेष भाग गेला, चाळीस. ‘‘आकडे अदलाबदल झालेत,’’ म्हणाले. शेजारशेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. शतक आणि दशक उलटले असतील तर फरक नव्वदच्या पटीत येतो. नव्वद चोक तीनशे साठ. म्हणजे त्या दोन अंकांत चारचा फरक. यादीची बेरीज कमी आली आहे, म्हणजे टाइप करताना लहान अंक पुढे आला. १५, २६, ३७, ४८ किंवा ५९ ने सुरू होणाऱ्या तीन आकडी रकमा बघा. ‘‘शून्य-चारने सुरू होणारी असेल तर ती दोन आकडीच दिसेल, चाळीस ते एकोणपन्नास, त्याही बघा.’’ सहाशे ओळींमध्ये अशा बारा निघाल्या. सहावी ३७१ होती, रजिस्टरमध्ये ७३१. कंपनीचा मुलगा काकांच्या मागे उभा राहून सगळं बघत होता. त्याने तो कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. मला त्याचं हे फार आवडलं.

आता जे मला लिहायचंच आहे ते. ठेवी विभागातला एक तरुण अधिकारी, बँकेत लागून चार वर्षं झालेली. ठेवींच्या योजनांचं मॅपिंग त्याच्याकडे होतं. जुन्या प्रणालीतली कुठली योजना नव्या प्रणालीत कुठल्या कोडला जाणार, ते ठरवणारा तक्ता. तीन महिने तो त्यावर बसला होता. आमच्या जुन्या प्रणालीत ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा योजना कोड नव्हता. योजना तीच, फक्त दुसऱ्या एका रकान्यात खूण असायची आणि त्यावर अर्धा टक्का जास्त व्याज लागायचं. नव्या प्रणालीत मात्र ज्येष्ठांची योजना वेगळी. म्हणजे कोड आणि खूण दोन्ही पाहून मॅपिंग करायचं. तिन्ही मॉकमध्ये, म्हणजे मायग्रेशनच्या रंगीत तालमींत, ते बरोबर होतं. तिसऱ्या मॉकनंतर संचालक मंडळाने सणासाठी नवी ठेव योजना आणली (कटओव्हरच्या पंधरा दिवस आधी, आम्ही नको म्हणत असताना) आणि तिच्यासाठी तक्ता पुन्हा तयार करावा लागला. ते करताना तो खुणेचा रकाना गळला. वरच्या काहीशे ओळींत तो रिकामाच दिसत होता, म्हणून त्याला तो नको असलेला वाटला.

हे बेरजेत सापडत नाही. मुद्दल तेवढंच, ठेवींची संख्या तेवढीच, ट्रायल बॅलन्स जुळलेला. बदलला तो फक्त पुढचा व्याजदर. आमची नमुना तपासणीही मोठ्या रकमांच्या पावत्यांची होती, आणि मोठ्या रकमा पतसंस्थांच्या आणि ट्रस्टच्या असतात, त्यांना ज्येष्ठ नागरिक असण्याचा प्रश्नच नाही. तो नमुना मी ठरवला होता.

रविवारी रात्री साडेअकराला, ठेवी जुळल्याची सही झाल्यावर, सगळे पिठलं-भाकरी खायला उठले आणि तो उठला नाही. आपल्या समाधानासाठी पाच-सहा लहान पावत्या उघडून बघत बसला होता. थोड्या वेळाने माझ्याकडे आला. हातात ताट नव्हतं, एक पावतीची प्रत होती. म्हणाला, ‘‘मॅडम, यांचा दर सव्वासात दिसतोय. पावतीवर पावणेआठ आहे. वय बहात्तर. माझ्याकडून झालंय.’’ मी विचारलं, किती खाती असतील? ‘‘चारशे बारा. मोजून आलोय.’’

दोन लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला हजार रुपये. पेन्शन नसलेल्या माणसाला ती महिन्याची औषधं असतात. शिवाय पावतीवर छापलेला दर हा बँकेचा शब्द आहे. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. मंगळवारी बँक उघडल्यावर चारशे बारा खाती एकेक करून दुरुस्त करायची, किंवा आत्ता ठेवींचा पूर्ण विभाग पुसून नव्या तक्त्याने पुन्हा भरायचा. दुसऱ्यात सगळी जुळवणी पुन्हा करावी लागणार होती. जुन्या प्रणालीवर परत जायचं की नाही हे ठरवायची आमची शेवटची वेळ सोमवारी दुपारी दोन. काकांनी विचारलं, ‘‘हाताने चारशे बारा करशील, त्यात किती चुकशील?’’ त्यावर निर्णय झाला. भरायला दोन तास पन्नास मिनिटं लागली, देय व्याजाची खातेनिहाय आकडेमोड आणि जुळवणी धरून पहाटे पाच वीसला काम संपलं. तो मुलगा सबंध वेळ कुणाशी बोलला नाही. पाचला मी त्याला म्हटलं, आधी काहीतरी खा. तेव्हा त्याने थंड भाकरी खाल्ली.

आता आभाराच्या मजकुरात हे कसं लिहायचं? मंगळवारी रात्री साडेबाराला मी इथेच अडकले. ‘त्याने चूक शोधली’ असं नाव घेऊन लिहिलं तर चूक कुणाची, हा पुढचा प्रश्न वाचणारा विचारणारच. हा मजकूर संचालकांकडे जाणार होता, आणि एक संचालक असे आहेत की त्यांना आकडा लक्षात राहत नाही पण नाव राहतं. बढतीच्या मुलाखती जानेवारीत होत्या. न लिहावं तर त्या रात्रीची सगळ्यात मोठी गोष्टच गळते. शेवटी ठरवलं, घटना लिहायची आणि नाव लिहायचं नाही. आणि ती घटना लोक त्याच्याशी जोडतील म्हणून बाकीच्या मजकुरातही त्याचं नाव घ्यायचं नाही. हे दुसरं मी का ठरवलं ते आज मला सांगता येत नाही. त्या वेळी मात्र मी त्याला झाकते आहे असंच मला वाटत होतं.

नावांचा क्रमही ठरवावा लागला. आमच्याकडे पत्रकात कुणाचं नाव आधी यावरून दोन-दोन महिने बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. मी हुद्द्याने न जाता घड्याळाने गेले. शनिवार संध्याकाळ, रविवार, सोमवार, मंगळवार, आणि ज्याचं काम जेव्हा आलं तेव्हा त्याचं नाव. एका अधिकारी बाईंच्या मुलाला रविवारी ताप होता आणि तरी त्या दर तीन तासांनी फोनवरून जुळवणी करत होत्या. ते मी लिहिलं होतं, मग खोडलं. घरची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, बँकेला नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटून हात हातात घेऊन सांगितलं.

बुधवारी सकाळी आठ वाजता गेलेला मजकूर असा होता. मूळात नावं होती, इथे त्यांच्या जागी कामं लिहिते.

‘सप्रेम नमस्कार. काल संध्याकाळी सात दहाला अकराव्या शाखेचा डे-एंड झाला आणि आपलं मायग्रेशन पूर्ण झालं. काल दिवसभरात एकाही खातेदाराला शिल्लक चुकीची दिसली नाही. हे कशामुळे झालं ते मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिते. शनिवारी सगळ्या रोखपालांनी दोन हजारांच्या नोटांची गर्दी सांभाळून रात्री नऊच्या आत रोख जुळवली, म्हणून पुढचं काम सुरू होऊ शकलं. पिग्मी विभागाने बत्तीस यंत्रं त्याच संध्याकाळी ताब्यात घेतली, त्यामुळे एकाही दिवसाची वसुली दोन प्रणालींच्या मध्ये पडली नाही. जनरेटरचं डिझेल आधीच आणून ठेवलेलं होतं, म्हणून रविवारी दुपारी काम थांबलं नाही. नावं वाचणाऱ्या दोघींमुळे काल पासबुकं छापताना एकही तक्रार आली नाही. मुख्य लेखापालांनी लाभांशाचा फरक वहीत न ठेवता शोधून काढला. रविवारी रात्री ठेवींमधली एक गंभीर चूक आपल्याच तपासणीत सापडली. ती सांगायला सकाळ होईपर्यंत कुणी थांबलं नाही, आणि ऐकल्यावर कुणी आवाज चढवला नाही. त्यामुळे चारशेहून जास्त ज्येष्ठ ठेवीदारांचं व्याज वाचलं. नमुना तपासणी कमी पडली ती माझ्याकडून, ती आता बदलली आहे. कंपनीच्या सात जणांनी आपलं काम आपल्या बँकेचं समजून केलं. तीन दिवस थांबलेल्या सर्वांना दोन दिवस बदली रजा मंजूर आहे, ती १० नोव्हेंबरपर्यंत घ्यावी. मी सगळ्यांची ऋणी आहे.’

दिवसभर उत्तरं येत राहिली. शिपायाने मजकूर प्रिंट काढून घरी नेला असं कळलं. काकांनी नुसतं ‘पोचलं’ लिहिलं. संचालक मंडळाने शुक्रवारी छोटा समारंभ ठेवला. शाल-श्रीफळ कंपनीच्या विक्री प्रमुखांना मिळालं. ते त्या तीन दिवसांत एकदाही आले नव्हते. आमची माणसं मागच्या रांगेत होती. त्यावर मी मंडळाला लेखी कळवलं आहे.

तो मुलगा गुरुवारी दुपारी आला. माझ्या टेबलासमोर उभाच राहिला. ‘‘मॅडम, मजकूर चांगला होता.’’ मग थांबून, ‘‘माझं नाव चुकून राहिलं का, एवढंच विचारायचं होतं.’’ मी सांगितलं, चुकून नाही, आणि कारण सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, ‘‘चूक कुणाची ते त्या रात्री सव्वीस जणांना माहीत होतं. माझं नाव नाही म्हणजे ती माझ्या खात्याला राहिली. जमेला काहीच नाही.’’

हे मला आधी दिसायला हवं होतं. बचत खात्यांचं व्याज त्या सहामाहीला पैशापर्यंत बरोबर पडलं, ते त्याने जुलैत तीन हजार खात्यांची रोजच्या शिलकेवरची आकडेमोड स्वतंत्रपणे करून पाहिली होती म्हणून. ते काम ठेवींच्या चुकीशी जोडलेलं नव्हतं. ते मी त्याच्या नावाने सहज लिहू शकले असते. आणि रविवार रात्रीबद्दल मी त्यालाच आधी विचारू शकले असते, नाव घालू का म्हणून. दोन मिनिटांचा फोन. पोरगा जागाच होता, माझ्या अकराच्या प्रश्नाला त्याचं उत्तर आलेलं होतं. त्यात त्याने शिपायाचं नाव दिलं होतं.

मी त्याला विचारलं, आता काय करू? म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल ते. शुक्रवारी सकाळी सगळ्यांना आणि तीच प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना दुसरा छोटा मजकूर गेला. पाठवण्याआधी तो त्याला वाचायला दिला. ‘बुधवारच्या पत्रात एक नाव माझ्याकडून राहिलं,’ इथून सुरुवात केली, बचतीच्या व्याजाचं काम लिहिलं, आणि पुढे त्याच्या संमतीने एकच वाक्य: ‘रविवारी रात्री ठेवींचा दर तपासून मला येऊन सांगणारे हेच.’ पहिल्या मसुद्यात ‘प्रामाणिकपणे’ असा शब्द होता. तो त्यानेच खोडला. म्हणाला, त्याने उगाच चूक मोठी दिसते.

दुसरा मजकूर पाठवायला हवा होता की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. वेगळं नाव काढल्याने उलट जास्त लक्ष गेलं असं एका शाखाधिकारी बाईंचं म्हणणं आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जानेवारीच्या मुलाखतीत त्याला त्या रात्रीबद्दल विचारलं गेलं. तो काय बोलला मला माहीत नाही, मी त्या समितीत नव्हते. बढती त्या वेळी झाली नाही. जागा दोन होत्या आणि उमेदवार अकरा, एवढं कारण पुरेसं आहे, तरी मी ते पुन्हा पुन्हा मनात उलटून पाहते.

मात्र त्याआधी, डिसेंबरअखेरचं तिमाही व्याज पडल्यावर, २ जानेवारीला सकाळी तो माझ्या टेबलावर एक यादी ठेवून गेला. चारशे बारा ठेवी, जुना दर, नवा दर, पडलेलं व्याज, त्याने स्वतः काढलेलं व्याज, फरक. शेवटचा रकाना सगळा शून्य. कुणी सांगितलं नव्हतं. खाली सही होती. एरवी तो नुसती आद्याक्षरं करतो. इथे सहीखाली पूर्ण नाव लिहिलं होतं.